फोबोस शाबूत, शूमेकर-लेव्हीचे तुकडे: रोश मर्यादा नक्की कुणाला लागू होते?

नीलाक्षी

रोश मर्यादेचं गणित करताना एक गोष्ट जुळत नाहीये, म्हणून हा धागा.

एखादा चंद्र किंवा धूमकेतू ग्रहाच्या फार जवळ गेला की ग्रहाच्या भरतीबलामुळे फुटतो, हे इथे बहुतेकांना ठाऊक असेल. किती जवळ, ते एदुआर रोश या फ्रेंच गणितज्ञाने १८४८ मध्ये काढलं. ग्रहाची त्रिज्या गुणिले २.४४, आणि त्याला दोघांच्या घनतांच्या गुणोत्तराच्या घनमुळाने गुणायचं. मंगळाची त्रिज्या ३,३९० किमी, घनता पाण्याच्या ३.९३ पट. त्याचा चंद्र फोबोस, घनता १.८७ पट. उत्तर येतं साधारण १०,६०० किमी. आणि फोबोस फिरतोय मंगळाच्या केंद्रापासून ९,३७६ किमीवर! मर्यादेच्या चांगला हजारभर किलोमीटर आत, आणि तरी अख्खा.

उलट शूमेकर-लेव्ही ९ हा धूमकेतू ७ जुलै १९९२ रोजी गुरूच्या जवळून एकदाच गेला आणि त्याचे वीसेक तुकडे झाले. काही तासांचा मामला. फोबोस दिवसातून तीन फेऱ्या मारतो, तेही कोट्यवधी वर्षं, तरी त्याला काही होत नाही. मग ही मर्यादा आहे तरी कशाची?

घाटमाथा

सोपं आहे ताई. गुरू पृथ्वीच्या ३१८ पट जड. मंगळ पृथ्वीच्या दहाव्या हिश्श्याएवढा. ज्याची ओढ जास्त तो फाडणार.

देवगडकर

आमच्याकडे अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं तेव्हा खाडीचं पाणी पार माडांच्या बुंध्यापर्यंत चढतं. ही चंद्राचीच भरती. मग चंद्र हळूहळू पृथ्वीला फोडणार, असा या धाग्याचा अर्थ घ्यायचा का?

ध्रुवपद

देवगडकर काका, बल तेच, पण इथे उलट बाजूने बघायचं आहे. चंद्र आपल्या समुद्राला ताणतो तसं पृथ्वी चंद्राला ताणते, आणि पृथ्वी जड असल्याने चंद्रावरचा ताण कितीतरी जास्त. तरी काळजी नको. आपल्या चंद्रासाठी रोशचं अंतर साधारण १८,००० किमी येतं. चंद्र ३,८४,००० किमीवर आहे आणि दरवर्षी ३.८ सेंमी लांब चाललाय.

@घाटमाथा, नुसती ओढ कुणाला फाडत नाही. धूमकेतू गुरूकडे मोकळा पडत असतो. त्याच्या प्रत्येक कणाला सारख्याच जोराने ओढलं असतं, तर तो अख्खा एकदम वळला असता आणि त्याला आतून काही जाणवलंही नसतं. फाडतो तो ओढीतला फरक. गुरूकडच्या बाजूला ओढ थोडी जास्त, मध्यावर थोडी कमी, पलीकडच्या बाजूला आणखी कमी. त्यामुळे पुढची बाजू पुढे धावते, मागची मागे रेंगाळते. हा फरक अंतराच्या घनाने बदलतो. अंतर निम्मं केलं की ओढ चौपट होते, पण फरक आठपट. म्हणून लांब असताना काहीच घडत नाही आणि जवळ आल्यावर सगळं एकदम घडतं.

घाटमाथा

फरक म्हणा की ओढ म्हणा, गुरू जड आहे म्हणूनच फरक मोठा ना? मग माझं काय चुकलं?

ध्रुवपद

वस्तुमान हिशेबात आहेच. पण गुरू आकारानेही अवाढव्य आहे, त्यामुळे त्याच्या केंद्राच्या जवळ जायलाच मिळत नाही. शेवटी सूत्रात ग्रहाची घनता उरते, आणि त्यात गुरू फार मोठा नाही, पाण्याच्या १.३३ पट. मंगळ त्याच्या जवळजवळ तिप्पट दाट. आपापल्या त्रिज्येच्या पटीत मोजलं तर फाडण्यात मंगळच वरचढ आहे.

अवकाळी

पण धूमकेतू तर उष्णतेने फुटतात ना? २०१३ मध्ये आयसॉनचा एवढा गाजावाजा झाला, सूर्याजवळ गेला आणि संपला. शूमेकर-लेव्हीचंही तसंच असेल, आतला बर्फ उकळला आणि फुटला.

प्राची_ह्यूस्टन

आयसॉनबद्दल तुमचं म्हणणं बरचसं पटतं. सूर्याजवळ उष्णता आणि भरतीबल एकत्र असतात आणि दोष कुणाचा हे वेगळं काढणं अवघड. पण गुरू सूर्यापासून पृथ्वीच्या पाचपट लांब आहे. तिथे ऊन पंचविसाव्या हिश्श्याचं. बर्फ उकळायचा प्रश्नच येत नाही.

शिवाय वेळ पाहा. कॅरोलिन आणि यूजीन शूमेकर आणि डेव्हिड लेव्ही यांना हा धूमकेतू २४ मार्च १९९३ रोजी पालोमारच्या छोट्या दुर्बिणीने घेतलेल्या फोटोत सापडला, तेव्हाच तो ठिपका नव्हता, लांबट रेघ होती. मोठ्या दुर्बिणींनी पाहिलं तर एका ओळीत तुकडे. त्यांच्या कक्षा उलट मोजत गेलं की सगळे ७ जुलै १९९२ ला गुरूपाशी एका जागी येऊन मिळतात. फुटण्याची तारीख कळली ती अशी.

टॉर्क_पिंपरी

मग अंतराळ स्थानकाचं काय? ते जमिनीपासून ४०० किमीवर आहे. कोणत्याही हिशेबाने रोशच्या आत. त्याचे तुकडे का होत नाहीत?

घाटमाथा

अगदी! मी हेच विचारणार होतो.

ध्रुवपद

कारण ते नटबोल्टने जोडलेलं आहे :) रोश मर्यादा फक्त अशा वस्तूला लागू आहे जी स्वतःच्या गुरुत्वाकर्षणानेच एकत्र राहिलेली असते. स्थानकाचे भाग एकमेकांना गुरुत्वाने धरून नाहीत, धातूने धरून आहेत. मात्र बाहेर काम करताना अंतराळवीराच्या हातून एखादं अवजार सुटलं तर ते स्थानकाला चिकटून राहत नाही, आपल्या वेगळ्या कक्षेत निघून जातं.

टॉर्क_पिंपरी

म्हणजे मर्यादा जोडाच्या ताकदीवर अवलंबून. हे आमच्या लाइनमधलं बोललात. आता आकडा द्या. धूमकेतूवर ताण किती आला?

ध्रुवपद

देतो, आणि यातच मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

मूळ धूमकेतू अंदाजे दीड किमी व्यासाचा धरू, म्हणजे त्रिज्या ७५० मीटर. घनता पाण्याच्या निम्मी. गुरूच्या केंद्रापासून अंतर हिशेबाला एक लाख किमी घेतो. वेगवेगळ्या गणितांत हा आकडा थोडा मागेपुढे होतो, पण गुरूचा सगळ्यात आतला चंद्र मेटिस १,२८,००० किमीवर आहे आणि धूमकेतू त्याच्याही आतून गेला, हे नक्की.

आधी धूमकेतूची स्वतःची पकड. त्याच्या पृष्ठभागावर गुरुत्वत्वरण येतं ०.०००१ मीटर प्रति सेकंद वर्ग, पृथ्वीच्या साधारण एक लाखांश. तिथे उभं राहून कमरेच्या उंचीवरून, म्हणजे मीटरभरावरून खडा सोडला, तर खाली पोचायला त्याला सव्वादोन मिनिटं लागतील. एवढीच पकड.

आता गुरूचा ताण. त्याच पृष्ठभागावर, गुरूच्या बाजूला, बाहेरच्या दिशेने ०.०००१९. म्हणजे जवळजवळ दुप्पट. खडा सोडला तर तो खाली पडायच्या ऐवजी वर निघेल. पृष्ठभागावरच्या प्रत्येक सुट्या खड्याचं हेच होणार, आणि तो गेला की त्याच्या खालच्याचं.

यात एक गंमत आहे. धूमकेतू दीडऐवजी पंधरा किमीचा धरला तर स्वतःची पकडही दहापट होते आणि ताणही दहापट. त्रिज्या दोन्हीकडे आहे, ती उडून जाते. म्हणून मर्यादेच्या सूत्रात फुटणाऱ्याचा आकार येत नाही, फक्त घनता येते.

आता टॉर्क यांचा प्रश्न. धूमकेतूच्या मध्यावर आलेला ताण जास्तीत जास्त तीस-चाळीस पास्कल. पाण्याचा तीन-चार मिलिमीटरचा थर तळावर जेवढा दाब देतो तेवढा. ताटलीत सांडलेलं पाणी.

टॉर्क_पिंपरी

चाळीस पास्कल?? आम्ही मेगापास्कलमध्ये बोलतो. कुठलाही दगड किंवा अख्खा बर्फाचा गोळा हे हसत सहन करेल.

ध्रुवपद

तेच तर! यावरूनच कळलं की तो अख्खा गोळा नव्हताच. एकसंध बर्फाचा असता तर गुरूला वळसा घालून जसाच्या तसा बाहेर पडला असता. तो धूळ, खडे आणि बर्फाच्या ढेकळांचा सैल ढीग होता.

सईची_आई

रव्याच्या लाडवात तूप कमी पडलं की डब्यातून उचलतानाच फुटतो, तसा. :)

प्राची_ह्यूस्टन

@सईची_आई, अगदी बरोबर. पण पुढची गोष्ट लाडवाला जमत नाही. तो पुन्हा वळला गेला!

१९९४ मध्ये एरिक ॲसफॉग आणि विली बेंझ यांनी संगणकावर अशा ढिगाला गुरूजवळून नेऊन पाहिलं. भरतीबलाने ढीग थेट वीस तुकड्यांत तुटत नाही. आधी तो ताणला जाऊन सगळ्या खड्यांची एक लांब काडी होते. गुरूपासून दूर जाताना ताण झपाट्याने ओसरतो, कारण तोच अंतराचा घन, आणि मग शेजारशेजारचे खडे आपल्याच गुरुत्वाने जागोजागी गोळा होतात. दिसलेले तुकडे हे असे पुन्हा जमलेले गोळे होते.

आणि घनताही यावरूनच निघाली. ढीग जास्त दाट धरला की सगळं परत एकदोन मोठ्या गोळ्यांत जमतं. फार हलका धरला की काहीच जमत नाही, नुसती पसरलेली धूळ. वीसेक गोळ्यांची माळ मिळते ती पाण्याच्या निम्म्याच्या आसपास घनता असेल तेव्हा. वर ध्रुवपद यांनी "निम्मी" घेतली ती हवेतून नाही.

अवकाळी

म्हणजे घनता धरून माळ काढली आणि माळेवरून घनता. हे गोल गोल नाही झालं का?

प्राची_ह्यूस्टन

शंका रास्त आहे. माळ हे निरीक्षण आहे, ती कुणी धरलेली नाही. तुकड्यांची संख्या आणि माळेची लांबी दुर्बिणीतून मोजली, आणि त्याच्याशी जुळणारी घनता शोधली. मात्र धूमकेतू आधीपासून स्वतःभोवती किती वेगाने फिरत होता यावर उत्तर थोडं सरकतं, आणि ते कुणी पाहिलेलं नव्हतं. म्हणून आकडा "सुमारे" या शब्दासह घ्यायचा.

देवगडकर

मग ते तुकडे गुरूवर आपटले ना? आमचे एक मास्तर सांगत.

मुळामुठा

हो काका, १६ ते २२ जुलै १९९४. पुण्यात तेव्हा भर पावसाळा, संध्याकाळी गुरू वर असायचा पण ढगांच्या वर. एका मित्राच्या गच्चीवर दुर्बीण लावून बसायचो. टकरा होऊन गेल्यावर एकदा ढगांना खिंड पडली आणि गुरूच्या दक्षिण भागात काळे डाग दिसले. पट्ट्यांपेक्षाही ठळक. त्यातला 'जी' नावाच्या तुकड्याचा डाग जवळजवळ पृथ्वीएवढा होता हे नंतर वाचलं. एवढ्याशा दुर्बिणीतून दुसऱ्या ग्रहावरची टक्कर दिसते, हे अजून अंगावर काटा आणतं.

तोपर्यंत माळ किती लांबली होती बघा. मे १९९४ च्या हबलच्या चित्रात ती ११ लाख किमी होती, पृथ्वी-चंद्र अंतराच्या तिप्पट.

सईची_आई

दीड किलोमीटरची वस्तू दोन वर्षांत ११ लाख किलोमीटर? एवढं कशाने पसरलं? स्फोट तर झाला नव्हता.

ध्रुवपद

स्फोट लागत नाही. फुटताना गुरूकडचे खडे पलीकडच्यांपेक्षा किंचित जवळ होते, म्हणून त्यांच्या कक्षा किंचित लहान. लहान कक्षेवाला लवकर वळतो, मोठीवाला उशिरा. पहिला तुकडा १६ तारखेला आपटला आणि शेवटचा २२ ला, तो हाच फरक. दीड किलोमीटरच्या अंतराचं सहा दिवसांत रूपांतर झालं.

प्राची_ह्यूस्टन

या माळेने एक जुनं कोडंही सोडवलं. व्हॉयेजर यानांनी १९७९ मध्ये गुरूच्या कॅलिस्टो या चंद्रावर एका सरळ रेषेत खणल्यासारखी विवरं पाहिली होती. गॅनिमीडवरही अशी एक रांग आहे, तेरा विवरांची. एकामागोमाग एक, नेम धरून कोण मारणार? शूमेकर-लेव्ही दिसल्यावर उलगडलं: गुरूपाशी फुटलेले आधीचे धूमकेतू बाहेर पडताना वाटेत चंद्राला भिडले. असे धूमकेतू पूर्वीही फुटत आलेत, त्याची ही नोंद.

अवकाळी

शनीची कडीही अशीच झाली ना? एखादा चंद्र आत आला आणि फुटला?

ध्रुवपद

एक मत तसं आहे. पण कडी किती जुनी, यावरच अजून भांडण आहे. कॅसिनी यानाच्या मोजमापांनंतर काहीजण दहा-वीस कोटी वर्षं म्हणतात, काहीजण सूर्यमालेएवढी जुनी. त्याला वेगळा धागा काढा, इथे नीलाक्षीताईंचा फोबोस राहून जाईल.

नीलाक्षी

हो, मी वाटच बघतेय! धूमकेतू सैल होता, म्हणून फुटला, हे पटलं. मग फोबोस टिकलाय तो घट्ट दगड आहे म्हणून? पण त्याची घनता १.८७ म्हणजे तोही पोकळच दिसतो.

टॉर्क_पिंपरी

मला तर वाटतं ताकदच. थोडी जरी चिकटून असली माती, तरी पुरे. वर बघितलं ना, ताण किती किरकोळ असतो.

ध्रुवपद

ताकद आहेच थोडी, पण आज तिची गरजही फारशी नाही. तोच हिशेब फोबोसला लावा. मंगळाच्या दिशेच्या टोकावर, केंद्रापासून १३ किमीवर, फोबोसची स्वतःची पकड ०.००४२. मंगळाचा ताण, फोबोसच्या फिरण्याचा वाटा धरूनही, ०.००२०. ताण पकडीच्या निम्म्याहून कमी. तिथे खडा सोडला तर तो सावकाश का होईना, खालीच पडतो. धूमकेतूवर तो वर गेला होता. हा सगळा फरक.

मग १०,६०० किमीचं काय? रोशने गणित केलं होतं द्रवाच्या थेंबाचं. द्रव ताणला की लांबट होतो, लांबट झाला की टोकं केंद्रापासून दूर जातात, दूर गेली की त्यांच्यावर ताण वाढतो आणि पकड घटते, मग आणखी लांबट. हे चक्र थांबत नाही, म्हणून द्रव खूप आधीच, २.४४ वर, हार मानतो. जो गोळा आकार बदलत नाही त्याच्यासाठी तेच सूत्र, R ही ग्रहाची त्रिज्या, ρM ग्रहाची आणि ρm गोळ्याची घनता धरून, असं होतं:

```
d = 1.26 R (ρM/ρm)^(1/3)
```

यात फोबोस घातला की ५,५०० किमीच्या आसपास येतं. सैल ढीग या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडतो, कारण खडे एकमेकांवर घासतात, द्रवासारखे वाहत नाहीत, पण दगडासारखे अडूनही बसत नाहीत. फोबोस ९,३७६ वर आहे, म्हणजे नेमका या मधल्या पट्ट्यात. धूमकेतूसाठी हेच दोन आकडे साधारण २,४०,००० आणि १,२५,००० किमी. तो दोन्हींच्या आत शिरला होता.

घाटमाथा

पण मग मर्यादा म्हणायचं कशाला? दुप्पट फरकाचे दोन आकडे आणि मध्ये "बघू काय होतं". रेषा असेल तर एक असावी.

ध्रुवपद

हा आक्षेप मला मान्य आहे. पुस्तकांत २.४४ एकटाच छापतात, त्याने गोंधळ होतो. कशासाठीची मर्यादा हे लिहिल्याशिवाय तो आकडा देऊ नये.

मुळामुठा

फोबोसचा विषय निघालाय तर मंगळयानाचा १ जुलै २०२० चा फोटो बघा. ४,२०० किमीवरून घेतलेला. मोठं विवर स्टिकनी दिसतं, आणि त्यात एका विवराचं नाव चक्क रोश आहे!

नीलाक्षी

हे माहीत नव्हतं, मस्तच! पण मग फोबोसला कायमचं अभय का?

प्राची_ह्यूस्टन

नाही. तो मंगळाच्या स्वतःभोवती फिरण्यापेक्षा वेगाने प्रदक्षिणा घालतो, त्यामुळे आपल्या चंद्राच्या उलट, तो आत चाललाय, शंभर वर्षांत साधारण १.८ मीटर. ताण अंतराच्या घनाने वाढत जाणार. २०१५ मध्ये बेंजामिन ब्लॅक आणि तुषार मित्तल यांनी मांडलं की दोनेक ते चार कोटी वर्षांत त्याचा सैल भाग फुटून मंगळाला कडं मिळेल, आणि घट्ट तुकडे असतील ते खाली आपटतील.

ध्रुवपद

माझ्या ढोबळ हिशेबाने साडेसात हजार किमीच्या आत गेला की टोकावरचा खडा सुटायला लागेल. तिथून पुढे टॉर्क यांचं राज्य: आतून किती चिकटलेला आहे त्यावर सगळं.

टॉर्क_पिंपरी

फोटोत त्याच्या अंगावर लांब समांतर चरे दिसतायत. ताणाखालच्या तुकड्यावर तडे असेच येतात. म्हणजे फुटायला सुरुवात झालीये?

प्राची_ह्यूस्टन

काहींचं मत तसंच आहे, वरचा थर ताणाने तडकतोय. पण काही चरे ताणाच्या दिशेशी जुळत नाहीत, एकमेकांना ओलांडून जातात. म्हणून दुसरा गट म्हणतो की स्टिकनी विवर झालं तेव्हा उडालेले धोंडे घरंगळत गेले, त्यांचे ते माग आहेत.

टॉर्क_पिंपरी

धोंडे घरंगळले असते तर चर संपतो तिथे धोंडा दिसायला हवा ना?

प्राची_ह्यूस्टन

एवढ्या कमी गुरुत्वात धोंडा शेवटी उसळी घेऊन निघूनही जाऊ शकतो, असं त्यांचं उत्तर आहे. मला ते पूर्ण पटलेलं नाही. जपानची एमएमएक्स मोहीम तिथली माती आणायच्या तयारीत आहे. वरचा थर किती सैल आहे हे त्यातून कळलं तर तुमचा मुद्दा एका बाजूला लागेल.

देवगडकर

माती हातात आली की हा धागा वर काढा रे.